उदासीचे दोन प्रश्न: कट-ऑफ २ ठेवायचा की ३?

आशा गटप्रवर्तक, यवतमाळ: आजारांचा धोका ओळखायला आपण घरोघरी भरतो त्या सीबॅक फॉर्मच्या शेवटी उदासीचे दोन प्रश्न आहेत. ‘३ पेक्षा जास्त’ गुण आले तरच पुढे पाठवायचं. आपल्याकडे शेतकरी जीव देतात आणि आपण गुण मोजत बसतो! २ आले की पाठवा, एकही सुटायला नको.

सीएचओ, वर्धा: ताई, हे वाचून राहवलं नाही. दोन्ही प्रश्नांना ‘काही दिवस’ म्हटलं की झाले २. सोयाबीन हातचं गेलं त्या पंधरवड्यात अर्धं गाव हेच सांगते. हजार माणसं धरा, समजा त्यातल्या शंभरांना खरंच नैराश्य आहे. २०२० मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून काढलेल्या आकड्यांत २ ची सेन्सिटिव्हिटी ९१ टक्के, स्पेसिफिसिटी ६७. म्हणजे ९१ सापडतील, पण आजार नसलेले २९७ सोबत येतील. ३ वर ७२ आणि ८५ टक्के. ७२ सापडतील, १३५ उगाच येतील. उपकेंद्रात मी एकटा.

आशा गटप्रवर्तक: आणि ३ वर सुटलेले अठ्ठावीस? त्यांच्या घरी सांत्वनाला आम्हीच जातो, सर. शिवाय फॉर्म तर ३ वाल्यालाही घरीच ठेवते.

सीएचओ: तेवढं कबूल. मूळ प्रश्नावलीत ‘३ किंवा जास्त’ आहे. एकाला ‘जवळपास रोज’ आणि दुसऱ्याला ‘अजिबात नाही’ म्हणणारा आपल्या फॉर्मवर सुटतो, हे चूकच आहे. पण म्हणून २?

शेतकरी, दारव्हा: आमच्या बाबांचे ५ आले होते. मंग त्यांना डिप्रेशन हाय का? ते तर मस्त जेवतात.

आशा गटप्रवर्तक: भाऊ, ते पहिल्या भागाचे गुण. वय, तंबाखू, कंबर वगैरे. ४ च्या वर गेले म्हणून बीपी-शुगर आधी तपासा.

नर्स, अमरावती: कट-ऑफवर भांडता, पण प्रश्न विचारता कुठे? ओटीवर, सासूसमोर! सून ‘सगळं बरं आहे’ म्हणते, शून्य लागतो. शून्यावर कोणता कट-ऑफ चालणार? माझ्या जावेचं असंच झालं. विहिरीवर एकटी भेटली तेव्हा रडली.

आशा गटप्रवर्तक: एकटीला बाजूला घेतलं तर सासू दारातच उभी राहते. तुम्ही दवाखान्यात बसून सांगू नका.

नर्स: मीही गावातलीच आहे, आवाज चढवू नका. बीपी मोजायला आत घ्या आणि तिथं विचारा.

मानसोपचार डॉक्टर, नागपूर: दोघंही एकाच चाळणीवर अडलात. २ किंवा जास्त आलेल्यांना वेगळं काढा, पण लगेच पाठवू नका. त्यांनाच पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी विचारा आणि १० किंवा जास्त गुण आले तर पाठवा. त्याच अभ्यासात या जोडीची सेन्सिटिव्हिटी ८२, स्पेसिफिसिटी ८७ निघाली. तुमच्या हजारांत ८२ सापडतील, ११७ उगाच येतील. नुसत्या ३ पेक्षा दोन्हीकडून बरं. आणि जीव द्यायचा विचार येतो का, हे त्या दोन प्रश्नांत नाहीच, ते यादीतल्या नवव्या प्रश्नात आहे. त्याचं उत्तर शून्य नसेल तर बेरीज न पाहता त्याच दिवशी बोला. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर हाताशी ठेवा.

सीएचओ: कागदावर पटतं, डॉक्टर. पण हजारांमागे ३८८ जणांना नऊ प्रश्न कोण विचारणार, तेही लिहा.

आशा गटप्रवर्तक: आम्हीच विचारू म्हणाल. त्याचा मोबदला आधी ठरवा, मग २ वर या.