मदत हवी आहे: अंड्याचं पांढरं फेटून फेटून कडकच होत नाहीये!

मुलुंडची_बेकर: चिफॉन केक करतेय. ४ अंड्यांचं पांढरं प्लॅस्टिकच्या बोलमध्ये घेऊन बीटर फुल स्पीडला लावलाय, दहाएक मिनिटं झाली तरी वर नुसते मोठे बुडबुडे आणि तळाला पाणी. शेवटचं अंडं फोडताना बलक फुटला होता, थेंबभर पिवळं पडलं ते चमच्याने काढलं, आता दिसत तरी काही नाही. अजून फेटू का साखर टाकू?

परळकर७: मुंबईची हवा दमट आहे ना, पावसाळ्यात आमच्याकडे पण असंच होतं. एसी लावून बघा.

माहीमचा_ओव्हन: दमट हवेने भाजलेलं मेरिंग चिकट होतं हे बरोबर, पण कच्चा फेसच न येण्याचं कारण ते नाही. ताई, थांबा, साखर अजिबात टाकू नका. फेटताना पांढऱ्यातलं प्रोटीन उलगडतं आणि प्रत्येक बुडबुड्याभोवती एकमेकांना धरून पडदा तयार करतं. बलकात जवळपास तिसरा हिस्सा फॅट, ते बुडबुड्याच्या कडेला जाऊन प्रोटीनची जागा अडवतं पण स्वतः पडदा धरत नाही, मग बुडबुडा फुटतो. पिवळं दिसेनासं झालं म्हणजे गेलं असं नाही, ते मिसळलंय. आणि त्या बोलमध्ये आधी बटर फेटलं होतंत का?

मुलुंडची_बेकर: हो, परवाच बटरक्रीम केलं, पण साबणाने स्वच्छ धुतला होता.

माहीमचा_ओव्हन: प्लॅस्टिकला ओशटपणा धरून राहतो. बोट फिरवून बघा, बुळबुळीत लागलं तर तोच प्रॉब्लेम. स्टीलचा टोप घ्या, लिंबाची फोड फिरवून कोरड्या कपड्याने पुसा. अंडी फ्रीजमधून काढल्या काढल्या फोडायची, गार बलक घट्ट असतो. प्रत्येक अंडं आधी छोट्या वाटीवर फोडायचं, पांढरं नीट निघालं तरच टोपात ओतायचं, म्हणजे एक फुटलं तर एकच जातं. मग पांढरं अर्धा तास बाहेर ठेवून फेटा.

गोरेगावची_काकू: अगं मी तर काबुली चण्याचं शिजवलेलं पाणी फेटते, आमच्याकडे अंडं चालत नाही, मस्त फेस येतो.

परळकर७: पण माझं थेंबभर बलक पडूनही एकदा झालं होतं की.

माहीमचा_ओव्हन: होऊ शकतं, किती पडलं त्यावर आहे. वेळ जास्त लागतो आणि फेस कमी फुगतो, चिफॉनला तो पुरत नाही.

मुलुंडची_बेकर: ओके, हे पांढरं उद्याच्या भुर्जीत घालते, नवीन अंडी आहेत. साखर नक्की कधी टाकू आणि थांबायचं कधी?

माहीमचा_ओव्हन: बीटर उचलल्यावर टोक वाकलं की एकेक चमचा साखर सुरू करा. टोक सरळ उभं राहिलं आणि फेस चकचकीत दिसला की लगेच बंद. पुढे फेटलंत तर कापसासारखे गोळे होऊन पाणी सुटतं. आणि बीटरच्या दांड्या काढून सांधे गरम पाण्याने धुवा, बटर तिथेच अडकून बसतं.