गायब झालेल्याचा अचानक ‘हाय’ : काय लिहायचं?

गोदाकाठ
भाचीच्या फोनवर काल रात्री पावणेबाराला ‘हाय, काय चाललंय?’ आला आणि आमच्याकडे नुसता गोंधळ. पाच आठवडे हा मुलगा गुल. शेवटचा मेसेज तिचाच होता, ‘शनिवारी गंगापूर रोडला मिसळ खायला येतोस का?’ त्याला उत्तरच नाही. आता ही उत्तरं लिहितेय नि खोडतेय. खोचक नको, हुरळलेलंही नको. कॉलेज रोडचे जुने दिवस आठवले, म्हणून धागा काढला. जाणकारांनी लिहा.

तिखट_कमी
जितके आठवडे गायब, तितके दिवस थांबवायचं. पाच दिवस. हिशोब चोख.

मधली आळी
ते नका करू. पाच दिवस ती ऑनलाइन दिसणार, स्टेटस टाकणार, आणि उत्तर मात्र नाही. म्हणजे रुसवा न बोलता कळवला. रात्री पावणेबाराला लगेच उत्तर गेलं, तर वाटच बघत होती असं दिसतं. दुसऱ्या दिवशी जेव्हा इतरांना उत्तरं देते तेव्हाच यालाही द्यावं.

मजकूर त्याच्या मेसेजच्या मापाचा ठेवा, फार तर एक ओळ जास्त. ‘हाय, मी मजेत. सबमिशन संपलं एकदाचं. तुझं काय?’ बस. सबमिशनचं वाक्य मुद्दाम आहे, त्याला धरायला काहीतरी मिळतं. नुसतं ‘मजेत’ म्हटलं की दार लावल्यासारखं वाटतं.

‘कित्ती दिवसांनी!’ टाळा. उद्गारचिन्ह दिलं तर हुरळल्यासारखं, न दिलं तर टोमणा. ‘आज कशी आठवण झाली?’ हाही टोमणाच, हसरा इमोजी लावला तरी.

बेबी_पंचवटी
आणि ‘कोण?’ तर अजिबात नको 😂 समोरचा खरंच नाव सांगत बसतो, मग आपल्यालाच हसू आवरत नाही.

सिडकोवाला
ब्लू टिक बंद करा, म्हणजे वाचलं ते कळणारच नाही. सेटिंगमध्ये प्रायव्हसीत आहे.

मधली आळी
अर्धं बरोबर. बंद केल्यावर त्याने वाचलं की नाही तेही हिला दिसत नाही, मग रात्रभर जास्तच घालमेल. त्यापेक्षा नोटिफिकेशनमध्येच वाचायचा. चॅट उघडलं नाही तर टिक निळी होत नाही. आणि खोडाखोड त्याच्या चॅटमध्ये नको. त्याने चॅट उघडं ठेवलं असेल तर ‘टायपिंग’ येतं-जातं दिसतं. स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय आहे, तिथे लिहून बघावं. पाठवल्यावर पंधरा मिनिटांत बदलता येतं, पण बदलल्याची खूण राहते. डिलीट केलं तरी मागे ओळ उरतेच.

नाना_इंदिरानगर
मुलं गायब होतात तसे हल्ली प्लंबरही होतात. आमचा गेला महिना फोन उचलत नव्हता, काल ‘बोला काका’. त्याला काय लिहू?

बेबी_पंचवटी
नाना, त्याला ‘नळ गळतोय’ एवढंच लिहा 🙏

गोदाकाठ
😂 बरं, मिसळीचं काय? विषय काढायचा की नाही?

मधली आळी
तिने नाही. तिने काढला की त्याला कारण द्यावं लागणार किंवा टाळावं लागणार, आणि दुसऱ्याच मेसेजला चौकशी सुरू. आमंत्रण त्याच्याकडे पडून आहे. ‘अरे, त्या शनिवारचं राहूनच गेलं, सॉरी’ असं आपणहून आलं तर चांगली खूण. मग ‘ठीक आहे रे, होतं असं’ म्हणून सोडावं, लगेच नवा वार देऊ नये. ‘भेटू कधीतरी’ म्हणाला तर ‘हो, ठरव आणि सांग’. वार-वेळ त्याच्याकडून यायला हवी.

पुढच्या तीन-चार मेसेजमध्ये तो एकही प्रश्न विचारत नसेल, नुसतं ‘हम्म’, ‘छान’, तर रात्री कंटाळा आला म्हणून ‘हाय’ होता. तिथेच थांबावं. निरोपाचा मेसेजही नको.

सायली_सातपूर
मला नाही पटत. पाच आठवडे! सरळ ‘कुठे होतास?’ विचारावं. मनात ठेवून गोड बोलणं जास्त खोटं वाटतं. आणि घरी काही झालं असेल, आजारपण वगैरे, तर विचारलं नाही म्हणून उलट तीच दगड ठरेल.

मधली आळी
आजारपणाचा मुद्दा बरोबर. त्याने जरा जरी सुचवलं, ‘जरा गडबड होती’ एवढं, तरी ‘सगळं ठीक ना?’ विचारावं. पण पहिल्याच मेसेजात ‘कुठे होतास’ लिहिलं की वाचणारा आवाज आपला लावत नाही, स्वतःचा लावतो. फोनवर तेच वाक्य चालून जातं.

सायली_सातपूर
मग फोनच करावा ना.

तिखट_कमी
आजकाल फोन कोण उचलतं ताई.

गोदाकाठ
सबमिशनवालं वाक्य पाठवलंय, सकाळी अकराला. डबल टिक आहे, निळी नाही. नाना, प्लंबरचं झालं का?

नाना_इंदिरानगर
‘उद्या येतो’ म्हणाला. वार नाही दिला.