प्रतिसाद: अलार्म उशिरा का वाजतो?

> "भुसावळहून सकाळची गाडी धरायची म्हणून घड्याळात ५ चा स्मार्ट अलार्म, अर्धा तास आधीपासूनची मुभा. कधी ४:४० ला उठवतं, कधी थेट ५ ला. मोटारीला रात्रीची वीज असली की हमखास ५. असं का?"

दादा, ५ ही शेवटची मर्यादा आहे. ४:३० पासून घड्याळ तुमची हालचाल आणि नाडी बघत राहतं. झोप हलकी वाटली की वाजवतं, नाही वाटली तर ५ पर्यंत थांबतं.

गाढ झोप मुख्यतः रात्रीच्या पहिल्या भागात येते. दहाला झोपलात तर साडेचारपर्यंत ती बहुतेक संपलेली असते. पण केळीला पाणी देऊन दीडला आडवे झालात, तर साडेचारला जेमतेम तीन तास झालेले असतात. तो अर्धा तास गाढ झोपेतच जाऊ शकतो. शिवाय स्वप्नांच्या झोपेत हातपाय जवळजवळ निश्चल असतात. मनगटावरच्या यंत्राला तीही गाढच वाटू शकते, पट्टा सैल असेल तर जास्तच.

सकाळी झोपेचा आलेख उघडून ४:३० ते ५ एवढंच बघा. तिथे सलग गाढ झोप दिसली, तर अलार्मने बरोबर केलं. हलकी झोप दिसूनही ५ लाच वाजला, तर लगेच दोष देऊ नका: बऱ्याच घड्याळांत आलेख सगळ्या रात्रीची नोंद पाहून नंतर तयार होतो, अलार्मला मात्र त्या क्षणीच ठरवावं लागतं.

गाडीच्या दिवशी ५ ऐवजी, ज्यानंतर उठून चालणारच नाही ती वेळ लावा.