७५ चे ४ टक्के, ४ चे ७५ टक्के : याला ‘अदलाबदल’ म्हणावं की ‘व्यत्यास’?

गोदाकाठ
गंगापूर रोडवरच्या एका शिकवणीसाठी गणिताच्या सरावपत्रिका इंग्रजीतून मराठीत करून देते आहे. त्यात एक युक्ती आहे. ७५ चे ४ टक्के काढायला अवघड वाटले तर दोन्ही आकडे एकमेकांच्या जागी ठेवायचे आणि ४ चे ७५ टक्के काढायचे. दोन्हीचं उत्तर ३. मी मथळा दिला ‘आकड्यांची अदलाबदल’. तपासणाऱ्या बाईंनी तो खोडून वर लाल शाईने ‘व्यत्यास’ लिहिलं. त्यांच्या मते अदलाबदल वस्तूंची होते, गणितात व्यत्यास.

दुसरी अडचण माझ्याच हातून झाली. इंग्रजीत टक्का आधी येतो आणि संख्या मागून, आपल्याकडे संख्या आधी. त्या गोंधळात एका ओळीत मी बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजूंना ‘४ चे ७५ टक्के’ लिहिलं. उत्तरसूचीशी ताडून पाहिलं तर ३ जुळत होते, त्यामुळे चूक कुणाच्याच लक्षात आली नाही. शेवटी वर्गातल्या एका मुलीने विचारलं, “ताई, यात बदललं काय?” तर नेमका शब्द कोणता?

जुनी पाटी
ताई, व्यत्यास नको. मी चौतीस वर्षं गणित शिकवलं. भूमितीत बाजूंवरून कोन सिद्ध केले की उलट कोनांवरून बाजू सिद्ध करायच्या, तो व्यत्यास. मूळ विधान खरं असलं म्हणून व्यत्यास खरा असतोच असं नाही, तो वेगळा सिद्ध करावा लागतो. इथे तसं काही नाही. ७५ गुणिले ४ भागिले १००, यात ७५ आधी घ्या की ४ आधी घ्या, गुणाकार तोच. त्या गुणधर्माला पाठ्यपुस्तकात क्रमनिरपेक्षता म्हणतात. पण ते गुणधर्माचं नाव झालं, मुलं हाताने जे करतात त्याचं नाही. मुलांसाठी अदलाबदल चांगलाच शब्द आहे.

शुद्धलेखणी
‘बदल’ मूळचा अरबी आहे, हे सर विसरले असावेत. मराठीत गणित लिहायचं तर ‘स्थानविनिमय’ लिहावं. हिंदीवाल्यांनी ‘क्रमविनिमेय’ घडवला आणि रुळवला. आपण मात्र बाजारातल्या शब्दावर थांबतो.

जुनी पाटी
बाजारातला शब्द बाजारातल्या मुलाला कळतो. सहावीतल्या पोराला ‘स्थानविनिमय’ समजावण्यात अर्धा तास गेला तर गणित केव्हा शिकवायचं?

हिशेबवही
शब्द कोणताही घ्या, टक्क्यात आकडे फिरवले तरी फरक पडत नाही एवढं मुलांना सांगा. दुकानात मी रोज करतो. ३५० च्या मालावर १८ टक्के कर म्हणजे १८ चे ३५० टक्के, १८ ची साडेतीनपट, ६३ रुपये. वाढ काढायची असो की सूट, फिरवायचं आणि मोकळं व्हायचं.

जुनी पाटी
६३ बरोबर. पण शेवटचं वाक्य मुलांना सांगू नका. कराची रक्कम फिरवून निघते, वाढवलेली किंमत नाही. ७५ मध्ये ४ टक्के वाढ केली की ७८ होतात. ४ मध्ये ७५ टक्के वाढ केली की ७. वाढीचे ३ दोन्हीकडे सारखेच, पण एकदा ते ७५ मध्ये मिळवले आणि एकदा ४ मध्ये. म्हणून आधी फिरवून टक्के काढायचे आणि मिळवायचे मात्र मूळच्याच संख्येत. वर्गात ही चूक हमखास होते आणि ओळखायलाही सोपी आहे: वाढ होऊनही उत्तर मूळ संख्येपेक्षा कितीतरी लहान येतं.

हिशेबवही
मान्य. मी ६३ काढून ३५० मध्येच मिळवतो, ४१३. लिहिताना घाई झाली.

आईची डायरी
माझ्या मुलाला चाचणीत २५ पैकी १८ मिळाले. आकडे फिरवून १८ पैकी २५ केले तर टक्के शंभराच्या वर जातात. मग ही युक्ती चुकीची नाही का?

गोदाकाठ
ताई, ‘पैकी’ आलं की भागाकार आला, आणि भागाकारात आकडे फिरवता येत नाहीत. तुमच्या मुलाचे ७२ टक्केच. ही युक्ती ‘चे’साठी आहे, तिथे गुणाकार असतो. पत्रिकेत मी हे दोन शब्द जवळजवळ ठेवले होते, आता लांब ठेवीन.

निफाडचा कांदा
मला वेगळंच विचारायचं आहे. चाळीत ७५ क्विंटल कांदा आहे आणि ४ टक्के घट धरली. तुमच्या युक्तीने ४ क्विंटलचे ७५ टक्के, म्हणजे ३ क्विंटल घट. उत्तर पटतं. पण माझ्या चाळीत ४ क्विंटलचा ढीग आहेच कुठे? पोरगा विचारतो, हे ४ क्विंटल आले कुठून, आणि मला सांगता येत नाही.

जुनी पाटी
दादा, या सगळ्या चर्चेतला खरा प्रश्न हा. उत्तर आपल्या जुन्या बोलण्यातच आहे. टक्के म्हणू नका, शेकडा म्हणा. शंभर क्विंटलला ४ घटतात. तुमचा कांदा ७५, म्हणजे पाऊणशे. पूर्ण शंभराला ४, तर पाऊणशेला ४ च्या पाऊणपट. ते ४ क्विंटल म्हणजे चाळीत शंभर क्विंटल असता तर झालेली घट. आमचे वडील लगेच म्हणाले असते, “चार पाऊणे तीन.” आकड्यांना कुणी हात लावला नाही, कुणी अदलाबदल केली नाही, आणि तरी ४ चे ७५ टक्केच निघाले.

लहानपणी पंचवटीत संध्याकाळी दिवा लागला की आम्ही ओळीने बसून पाऊणकी म्हणत असू: चार पाऊणे तीन, पाच पाऊणे पावणेचार, सहा पाऊणे साडेचार. २५ आले की पावकी, ५० आले की निमकी, १२५ आले की सवायकी, १५० आले की दिडकी. हिशेबवही यांनी १८ ची साडेतीनपट केली ती औटकी: अठरा औटे त्रेसष्ट. संख्या अशी पाव, निम, पाऊण, सव्वा, दीडमध्ये बसत असेल तरच फिरवण्यात अर्थ आहे. ६३ चे १७ टक्के फिरवून १७ चे ६३ टक्के केले तर कष्ट तेवढेच. आणि ७५ ऐवजी ७६ असतील तर फिरवून ३ काढायचे आणि वरच्या एकाचे चार शतांश मिळवायचे, ३.०४.

निफाडचा कांदा
आता पोराला सांगता येईल. आमच्याकडे पिकांचं करतात तशी ‘फेरपालट’ हा शब्दही चालेल की.

शुद्धलेखणी
फेरपालट एकापाठोपाठ एक होते, एकदम नाही. पण ‘पाऊण’ म्हणजे पादोन, पावाने कमी, आणि ‘औट’ अर्धचतुर्थवरून आला, या शब्दांपुढे माझा स्थानविनिमय मी मागे घेतो. मथळा ‘पाऊणकीने टक्के’ असा का नको?

हिशेबवही
आजच्या मुलांना पाऊणकी कुठे येते? मथळाच कळायचा नाही.

गोदाकाठ
बाईंना उद्या फोन करते. पत्रिकेत पहिली ओळ ‘शंभराला ४, तर पाऊणशेला किती?’ अशी घालणार आहे, मथळ्याचं अजून ठरत नाही. पण जुनी पाटी सर, पाऊणकी माझ्या आजीच्या वहीत आहे, औटकी नाही. दोन औटे सात, चार औटे चौदा एवढंच मला येतं. तुमच्याकडे दहापर्यंत लिहिलेली आहे का?

जुनी पाटी
तोंडपाठ आहे, आज रात्री लिहून काढतो. फक्त आमच्याकडे ‘औटके’ म्हणत, वर घाईत औटकी लिहिलं. नाशिकच्या इतरांकडे काय म्हणत?

निफाडचा कांदा
आमच्याकडे औटकी.