शून्य परिकल्पना ‘स्वीकारली’ की ‘फेटाळता आली नाही’?

रोपवाटिका:
जीवशास्त्राच्या प्रकल्प अहवालात टी-चाचणीचा निष्कर्ष मराठीत लिहिताना मी एका वाक्यावर अडले आहे. गव्हाची दहा रोपे साध्या पाण्यावर आणि दहा रोपे मिठाच्या सौम्य द्रावणावर वाढवून पाचव्या दिवशी प्रत्येक रोपाचे सर्वांत लांब मूळ मी मोजले. साध्या पाण्यातील सरासरी ४२ मिमी आणि द्रावणातील ३७ मिमी आली. दोन्ही गटांचे प्रमाण विचलन ६ मिमी आहे. टी-चाचणीत t = १.८६ आणि p = ०.०८ मिळाले. त्यावर मी असे लिहिले: “p चे मूल्य ०.०५ पेक्षा जास्त असल्यामुळे शून्य परिकल्पना स्वीकारण्यात आली, म्हणजेच मिठाचा मुळांच्या वाढीवर परिणाम होत नाही हे सिद्ध झाले.” मार्गदर्शकांनी ‘स्वीकारण्यात आली’ आणि ‘सिद्ध झाले’ या दोन्हींखाली लाल रेघ ओढली, पण त्यांच्या जागी काय लिहावे हे सांगितले नाही. शिवाय ‘शून्य परिकल्पना’ म्हणजे परिकल्पनाच नाही की काय, असे एका मैत्रिणीने विचारले. योग्य शब्द कोणते?

शब्दवेध:
मैत्रिणीची शंका रास्त आहे. मूळ शब्दाचा रोख ‘रद्द करण्यासाठी मांडलेली’ असा असून हिंदी पाठ्यपुस्तकांत ‘निराकरणीय परिकल्पना’ असा शब्द आढळतो, तो अर्थाला अधिक जवळचा वाटतो. ‘स्वीकारली’ हे मात्र मलाही चूक वाटते, कारण p = ०.०८ याचा अर्थ शून्य परिकल्पना खरी असण्याची शक्यता केवळ ८ टक्के आहे. इतकी कमी शक्यता असलेली गोष्ट स्वीकारली असे कसे म्हणावे? मीठ वाढ खुंटवते हे तर सर्वांना ठाऊक आहे, त्यामुळे एकाच बाजूची चाचणी घेतली तर p निम्मा होऊन ०.०४ येईल आणि परिकल्पना सरळ फेटाळता येईल.

मोजपट्टी:
‘स्वीकारली’ नको, हा शब्दवेध यांचा निर्णय बरोबर आहे, पण त्यांनी दिलेले कारण बरोबर नाही. p ची संख्या मिळते तीच मुळी शून्य परिकल्पना खरी आहे असे धरून, त्यामुळे ती खरी असण्याची शक्यता किती, हे त्याच संख्येला विचारता येत नाही. p = ०.०८ चे वाचन असे करावे: मिठाचा काहीच परिणाम होत नसता, तरीही दोन सरासऱ्यांत निदान ५ मिमीइतका फरक, मग तो कोणत्याही बाजूचा असो, केवळ योगायोगाने साधारण शंभरांतून आठ वेळा दिसला असता. अहवालात हे वाक्य जसेच्या तसे लिहिण्याची गरज नसते, पण लिहिणाऱ्याच्या मनात ते पक्के असले की क्रियापद आपोआप सुधारते.

‘स्वीकारली’ का चालत नाही, हे या प्रयोगाच्याच आकड्यांत दिसते. सरासऱ्यांतील फरक ५ मिमी आहे आणि त्याची ९५ टक्क्यांची विश्वासमर्यादा काढली तर ती सुमारे −०.६ पासून १०.६ मिमीपर्यंत जाते. या पट्ट्यात शून्य बसते, म्हणून शून्य परिकल्पना फेटाळता आली नाही; पण त्याच पट्ट्यात १० मिमीही बसते, म्हणजे मिठाने मूळ जवळजवळ चौथ्या हिश्शाने आखूड केले असण्याशीही ही मोजमापे विसंगत नाहीत. ज्या आकड्यांत ‘काहीच परिणाम नाही’ आणि ‘बराच परिणाम आहे’ या दोन्ही गोष्टी मावतात, त्यांच्या आधारावर परिणाम होत नाही हे सिद्ध झाले असे लिहिणे म्हणजे आपल्याकडे नसलेले ज्ञान वाचकाच्या हाती देणे होय. म्हणून ‘फेटाळता आली नाही’ हेच क्रियापद मी वापरतो. त्यात परिकल्पनेची बढाई नसते, आपल्या पुराव्याची मर्यादा तेवढी कबूल केलेली असते.

एका बाजूच्या चाचणीचा सल्ला मात्र मी कळकळीने नाकारतो. ती निवड रोपे मोजण्याआधी, लेखी झालेली असावी लागते. निकाल पाहून बाजू बदलली, तर ०.०४ हा आकडा जे सांगतो ते त्या प्रयोगाबद्दल खरे राहत नाही.

फुलोरा:
माझ्या अहवालात उलटाच प्रकार झाला होता. पानांतील हरितद्रव्याची तुलना करताना सॉफ्टवेअरच्या तक्त्यात p खाली .000 असे आले आणि मी “p = ० असल्यामुळे फरक अत्यंत लक्षणीय आहे” असे लिहिले. परीक्षकांनी विचारले की फरक किती आहे, आणि मला सांगता आले नाही, कारण सरासऱ्या मी लिहिल्याच नव्हत्या. असे असताना ‘लक्षणीय’ हा शब्दच सोडून द्यावा का?

मोजपट्टी:
तेथे p शून्य नव्हता, तक्ता तीन दशांश स्थळांपर्यंतच दाखवत होता. अशा वेळी p < ०.००१ असे लिहितात. ‘लक्षणीय’ची अडचण खरी आहे, कारण रोजच्या मराठीत ‘लक्षणीय वाढ’ म्हणजे डोळ्यांत भरणारी वाढ. मोजमापे पुष्कळ असली की अगदी किरकोळ फरकाचाही p लहान येतो. म्हणून मी ‘संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय’ असे पूर्ण लिहितो आणि फरक किती मिमी, हे त्याच वाक्यात देतो.

शब्दवेध:
p बद्दलची माझी समजूत चुकीची होती, हे मान्य करतो. पण ‘लक्षणीय’पेक्षा ‘सार्थ’ हा शब्द मला अधिक नेमका वाटतो, कारण त्यात मोठेपणाची छटा येत नाही.

मोजपट्टी:
मोठेपणाची येत नाही, पण ‘सार्थ अभिमान’मधली योग्यतेची छटा येते. यावर माझे मत ठाम नाही. ‘शून्य परिकल्पना’ मात्र मी राखीन, कारण टी-चाचणीत ती दोन सरासऱ्यांतील फरक शून्य आहे असेच म्हणते. अहवालाच्या आरंभी “दोन्ही गटांच्या मुळांच्या सरासरी लांबीत फरक नाही, ही शून्य परिकल्पना होती” असे एकदा लिहिले की मैत्रिणीची शंका उरत नाही. इतर चाचण्यांत, जेथे तपासायची संख्या शून्य नसते, तेथे हा शब्द खटकतो, हे खरे आहे.

रोपवाटिका:
मग निष्कर्ष असा लिहू का? “मिठाच्या द्रावणातील रोपांची मुळे साध्या पाण्यातील रोपांच्या मुळांपेक्षा सरासरी ५ मिमीने आखूड भरली (सरासरी ± प्रमाण विचलन: ३७ ± ६ आणि ४२ ± ६ मिमी, प्रत्येक गटात १० नमुने); परंतु हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय ठरला नाही (दोन्ही बाजूंची टी-चाचणी, t = १.८६, स्वातंत्र्यमात्रा १८, p = ०.०८), त्यामुळे शून्य परिकल्पना फेटाळता आली नाही.”

मोजपट्टी:
वाक्य चांगले झाले आहे, विशेषतः आधी मुळांबद्दल आणि मग चाचणीबद्दल बोलते म्हणून. एकच शब्द तपासावा: ‘१० नमुने’. ही दहा रोपे वेगवेगळ्या बश्यांत होती की एकाच बशीत?

रोपवाटिका:
प्रत्येक गटाची एकच बशी होती आणि तिच्यात दहा रोपे होती.

मोजपट्टी:
तर ‘१० नमुने’ऐवजी ‘एकाच बशीतील १० रोपे’ असे लिहावे. द्रावण बशीला दिले गेले, रोपाला वेगळे नाही, त्यामुळे बशीतला ओलावा किंवा उजेड कमीअधिक असेल तर तो दहाही रोपांना सारखाच भोवतो. मग १८ ही स्वातंत्र्यमात्राच कितपत धरावी, हा प्रश्न शब्दांनी सुटणारा नाही.

रोपवाटिका:
शब्द बदलते. आणखी बश्या लावायला सात दिवस मिळतील का, हे उद्या मार्गदर्शकांना विचारते.