पाच दिवस क्रिएटिन चुकलं : पुन्हा लोडिंग, दुप्पट डोस, की नेहमीचे ५ ग्रॅम?

शिरीष_वाई
चार महिने रोज ५ ग्रॅम मोनोहायड्रेट, एकही खाडा नाही. वजन ७० किलो, पूर्ण शाकाहारी. गणपतीला गावी गेलो आणि डबा इथेच राहिला, पाच दिवस गेले. आता नेहमीचे ५ सुरू करू, राहिलेलं भरून काढायला दुप्पट घेऊ, की पुन्हा लोडिंग करू?

लोखंडप्रेमी
सरळ लोडिंग. सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र ५-५ ग्रॅम, सात दिवस. क्रिएटिन तीन तासांत निम्मं उतरतं, पाच दिवसांत टाकी कोरडी झाली असणार. पुन्हा भरली नाही तर चार महिने पाण्यात गेले समजा.

अश्विनी_ग
बाकी काहीही सोडून दिलं असतं, पण "चार महिने पाण्यात" ऐकून एखादा बिचारा खरंच १४० ग्रॅम पावडर सात दिवसांत ढोसेल, म्हणून लिहिते आहे.

तीन तासांचा आकडा खोटा नाही, फक्त तो रक्तातला आहे. तुम्ही घेतलेलं क्रिएटिन रक्तातून लवकर जातं कारण काही स्नायू ओढून घेतात आणि उरलेलं लघवीवाटे निघून जातं. स्नायूंत एकदा शिरलेलं मात्र असं सुटत नाही. तिथून बाहेर पडायची मुख्य वाट एकच, ते आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतं आणि मूत्रपिंड ते बाहेर टाकतं. हा वेग दिवसाला साठ्याच्या साधारण १.७ टक्के. तुम्ही डोस घ्या की न घ्या, वेग जवळपास तोच.

आता शिरीष यांचाच हिशेब करू. ७० किलोच्या माणसात सगळा साठा १२० ग्रॅमच्या आसपास धरतात, शाकाहाऱ्यात मुळात थोडा कमी. चार महिन्यांनी तो भरून १४० झाला असं समजा. रोज जातात २.४ ग्रॅम. यकृत आणि मूत्रपिंड मिळून साधारण १ ग्रॅम स्वतः बनवतात, जेवणातून मिळतं नगण्य. म्हणजे निव्वळ घट दिवसाला १.४, पाच दिवसांत ७ ग्रॅम. १४० मधले ७ गेले, ५ टक्के. आणि ही टाकी कोरडी?

१९९६ च्या हल्टमन यांच्या अभ्यासात ६ दिवस २० ग्रॅम दिल्यावर साठा साधारण २० टक्के वाढला. नंतर पावडर पूर्ण बंद केली, तेव्हा तो मूळ पातळीला यायला महिनाभर लागला. ज्यांनी पुढे रोज २ ग्रॅम घेतलं त्यांचा साठा टिकून राहिला. तेव्हा शिरीष, नेहमीचे ५ सुरू करा आणि विसरून जा.

लोखंडप्रेमी
कागदावर सगळेच हिशेब छान दिसतात मॅडम. सुट्टीवरून आलेल्या पोरांचं वजन दीड किलो उतरलेलं असतं, बेंचला दोन रेप कमी पडतात. ते काय मोदकांनी?

अश्विनी_ग
पाच दिवस व्यायाम नाही, झोपेची वाट, एसटीचा प्रवास, उकाड्यात आरतीला उभं राहून गळलेला घाम आणि भलत्या वेळची जेवणं. वजनाचा काटा पाणी आणि ग्लायकोजेन मोजतो, क्रिएटिन नाही. साठ्याच्या ५ टक्क्यांसोबत जाणारं पाणी फार तर थोडंसं, दीड किलो कुठून आणणार? लोडिंगच्या पूर्ण आठवड्यात मुळी वाढतो तोच साधारण १ ते १.५ किलो. पहिल्या सेटला दोन रेप कमी पडले तर दोन-तीन सत्रं थांबा. सत्रागणिक परत येत असेल तर तो सवय सुटल्याचा प्रकार आहे.

लोखंडप्रेमी
ठीक, टाकी कोरडी नाही. पण भरायची तर आहेच ना? लवकर भरली तर तुमचं काय बिघडलं?

अश्विनी_ग
बिघडतं ते पोट आणि डबा. २५० ग्रॅमच्या डब्यातून सात दिवसांत १४० ग्रॅम गेले, म्हणजे ५ ग्रॅमच्या हिशेबाने २८ दिवसांचा माल, आणि त्यातलं बहुतेक लघवीत, कारण जागाच ७ ग्रॅमची आहे. ५ ग्रॅम मोनोहायड्रेटमध्ये क्रिएटिन साधारण ४.४ ग्रॅम, बाकी पाणी. रोज जाणारं २.३ वजा केलं तर दिवसाला २ ग्रॅम पुढे जातं. थोडी गळती धरली तरी पाच ते सात दिवसांत साठा पूर्ववत. लोडिंगने हेच दोन-तीन दिवसांत होईल. वाचले चार दिवस.

दुप्पट डोसची गंमत वेगळी. पाच दिवसांचे राहिलेले २५ ग्रॅम एकदम घेणारे लोक असतात. एका वेळी १० ग्रॅम आणि पुढे गेलं की आतड्यात न शोषलेलं क्रिएटिन पाणी ओढतं आणि जुलाब होतात. घाई असेलच तर सकाळी ५ आणि रात्री ५, दोन्ही जेवणासोबत, तीन दिवस. त्याहून जास्त नको. त्याचीही गरज नाही, पण मी अडवणार नाही.

अभिजित_पॉवर
मॅडमचं बरोबर, पण एक अपवाद राहिला. पॉवरलिफ्टिंगची स्पर्धा दहा दिवसांवर असेल आणि खाडा तीन आठवड्यांचा असेल, तर मी लोडिंगच करायला लावेन. तेव्हा वाढीव साठ्यातला मोठा भाग गेलेला असतो आणि ३ ते ५ ग्रॅमने तो भरायला तीन-चार आठवडे लागतात. पाच-सात दिवसांचा खाडा असेल तर मात्र पैसे वाया. आणि वजनगट टोकावर असेल तर लोडिंगचं पाणी विसरू नका, ७४ च्या गटात ७४.६ भरलात तर क्रिएटिन तुम्हाला वाचवणार नाही.

लोखंडप्रेमी
बघा! शेवटी लोडिंगच.

अभिजित_पॉवर
तीन आठवड्यांना. वाचता येतं ना?

बाबूराव_ठाणे
मला कोणी सांगेल का? कंपनीची हेल्थ चेकअप आहे. क्रिएटिन चार दिवस आधी बंद केलं की रिपोर्ट स्वच्छ येतो असं ऐकलंय. गेल्या वेळी क्रिएटिनिन १.४ आलं, घरी रडारड. आता बंद करून चार दिवस झालेत, म्हणजे माझंही चुकलंच की. परत सुरू करताना लोडिंग लागेल का?

सायली_लॅब
बाबूराव, चेकअपनंतर नेहमीचा डोस, लोडिंग वगैरे काही नाही. पण तुमचा खरा गोंधळ दुसरा आहे. वर हिशेब दिलाय तो उलटा वाचा. स्नायूतला साठा पाच दिवसांत जेमतेम ५ टक्क्यांनी कमी होतो, आणि त्यातून बनणारं क्रिएटिनिनही तेवढंच कमी होईल. चार दिवस बंद केल्याने १.४ चं १.० होणार नाही.

तुमचा आकडा वर ढकलणाऱ्या इतर गोष्टी आधी बघा. आदल्या रात्री मटण खाल्लं होतंत का? शिजलेल्या मांसातलं क्रिएटिनिन थेट रक्तात येतं. आदल्या दिवशी जड व्यायाम? सकाळी पाणी न पिता रक्त दिलं? या तिन्ही गोष्टी फक्त दोन दिवस सांभाळल्या तरी फरक पडतो.

लोखंडप्रेमी
म्हणजे पावडरने किडनी जात नाही, पण रिपोर्टमध्ये गेलेली दिसते. वा.

सायली_लॅब
तुम्ही उपरोधाने म्हणालात, पण नेमकं तेच. रिपोर्टवरचा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, हा क्रिएटिनिनवरून काढलेला आकडा असतो. स्नायू जास्त आणि पावडर चालू, तर किडनी ठणठणीत असूनही तो खाली दिसू शकतो. शंका असेल तर सिस्टाटिन सी ही रक्तचाचणी करून घ्या, ते स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं. सोबत लघवीतलं अल्ब्युमिन बघा. ही दोन्ही ठीक असतील तर १.४ ला एवढं घाबरायचं कारण नाही. बिघडलेली असतील तर मात्र पावडर बाजूला ठेवून नेफ्रॉलॉजिस्टकडे जा. मधुमेह किंवा बीपी असेल तर तर जाच.

रत्नाकर_म्हणतो
सगळे फुकट गोंधळ घालताय. आमच्या आज्यांनी क्रिएटिन न खाता पोती उचलली. दूध प्या, सगळं त्यात आहे.

अश्विनी_ग
दुधात क्रिएटिन नाममात्र असतं. मटण-मासळीतही किलोला साधारण ४ ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमसाठी सव्वा किलो रोज. तुमच्या आज्यांच्या पोत्यांचा हिशेब लावून ठेवा, इथे चर्चा पाच दिवसांच्या खाड्याची आहे.

रत्नाकर_म्हणतो
तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

अभिजित_पॉवर
सायली, एक पटलं नाही. तोंडातून घेतलेल्या डोसचा थोडा भाग थेट क्रिएटिनिनमध्ये जातो, शिवाय पाण्यात तासन् तास कालवून ठेवलं तर बाटलीतच बदलत राहतो, लिंबू पिळलं तर आणखी. पावडर बंद केली की हा भाग तरी लगेच थांबतो. मग चार दिवस बंद करणं अगदी निरुपयोगी कसं?

सायली_लॅब
थोडा फरक पडत असेल, नाही म्हणत नाही. पण साठ्यातून रोज २.४ ग्रॅम येतच राहणार, त्यापुढे तो भाग किती हे व्यक्तीगणिक बदलतं. "रिपोर्ट स्वच्छ येतो" ही हमी मी देणार नाही. पावडर बंद न करता डॉक्टरांना आधीच सांगून टाकावं, हे माझं मत. लपवल्यावर उगाच चार चाचण्या वाढतात.

अभिजित_पॉवर
मी चार दिवस बंदच करायला सांगेन. तुमचं तुमच्यापाशी.

शिरीष_वाई
माझा प्रश्न किडनीपर्यंत पोहोचला, धन्यवाद. आज सकाळी ५ ग्रॅम घेतलं. चमचा डब्यातलाच आहे, सपाट भरला की ५ होतात असं लेबल म्हणतं.

अश्विनी_ग
तेवढं एकदा तपासा. काही डब्यांतला चमचा ३ ग्रॅमचा असतो, शिवाय डबा हलला की पावडर दाबली जाते आणि त्याच चमच्यात जास्त मावते. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या, सपाट चमचा पाच वेळा मोजून सरासरी काढा. ३ निघाले तरी घाबरू नका, साठा राखायला ते पुरतात, फक्त हा ७ ग्रॅमचा खड्डा भरायला आठवड्याऐवजी दोन-तीन आठवडे जातील.

लोखंडप्रेमी
मान्य, पाच दिवसांना लोडिंग नको. पण महिनाभर बंद राहिलं तर मी सांगितलेलंच करायला लावणार, आणि तेव्हा कोणी मला १.७ टक्के शिकवू नका.

अश्विनी_ग
महिन्याला करा की. एका वेळी ५ च्या वर नको, आणि पोटात गडबड झाली की तीन ग्रॅमवर या. वाद मुळी महिन्याचा नव्हताच.