गिऱ्हाईक कमी करा म्हणणारा सल्लागार आणि घाण्याचं तेल

भीमाकाठ
सोलापूरजवळ आमचे दोन लाकडी घाणे आहेत, करडई आणि शेंगदाणा. माल पुण्यात विकतो. ब्रँडच्या सल्लागारांनी पाठवलेल्या पत्रातला मुख्य भाग खाली देतो. घरात यावरून दोन तट पडलेत. तुमचं मत सांगा.

«तुमच्या पत्रकावर ‘आरोग्याची काळजी घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबासाठी’ असं आहे. ते वाक्य आधी काढा. दोन घाण्यांतून महिन्याला फार तर २५०० लिटर तेल निघतं. महिन्याला ४ लिटर घेणारी ६२५ घरं मिळाली की माल संपला. मग साऱ्या पुण्याला हाका कशाला? सोलापूर, धाराशिव, लातूरकडून पुण्यात आलेली, करडईच्या तेलाचा वास ओळखणारी घरं तेवढी धरा. रिफाइंडवाल्या घराला आधी वास का येतो ते समजवावं लागतं, मग भाव इतका का ते. ओळखीच्या घराला फक्त तुमचा पत्ता हवा असतो. शिवाय गिऱ्हाईक थोडं असलं की ते निष्ठावान राहतं.»

वाणसामान
वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय. आमची किराणा दुकानात तिसरी पिढी. ६२५ घरं दर महिन्याला ४ लिटर घेतील हे कोणी लिहून दिलंय? मे महिन्यात निम्मी घरं गावाला जातात. दिवाळीत तळणाला तेल दुप्पट लागतं. मधल्या महिन्यांत तीच बाई एक लिटरवर भागवते. सरासरी कागदावर निघते, गल्ल्यात नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट या सल्लागाराला दिसलीच नाही. ज्याच्या गावाकडे घाणा आहे तो येताना गावाहूनच तेल आणतो. भावाने शेतातली करडई गाळून घेतलेली असते, एसटीत डबा चढवला की झालं. तो माणूस तुमच्याकडे पैसे देऊन तेल घेईल? म्हणजे पुण्यात ज्यांना तुमची गरज सगळ्यात कमी, नेमक्या त्यांच्याच दारात हे पत्र तुम्हाला उभं करतंय.

आणि जिकडे तिकडे ‘लिटर, लिटर’ काय लावलंय? तेल किलोवर विका. एक लिटर तेल म्हणजे ९१० ग्रॅम. लिटरच्या बाटलीने गिऱ्हाइकाला किती वर्षं फसवलंय त्यावर वेगळा धागा निघेल.

पहिली पायरी
काका, जग लहान सुरुवात करूनच मोठं झालंय. अॅमेझॉनने १९९५ मध्ये फक्त पुस्तकं विकायला घेतली, बाकी सगळं नंतर. आधी एक कोपरा काबीज करायचा, मग पसरायचं. पत्र शंभर टक्के बरोबर आहे.

आकडेमोड
अॅमेझॉनने माल एकाच जातीचा ठेवला होता, गिऱ्हाईक नव्हे. पुस्तक हवं असणारा कोणीही घेऊ शकत होता. या पत्रात माल तोच राहतोय आणि गिऱ्हाईक गाळलं जातंय. दोन्ही गोष्टी एक नाहीत.

मी आयुष्यभर एफएमसीजीत काढलं, म्हणून पत्रातली कारणं वेगवेगळी करून सांगतो. शेवटचं वाक्य चुकीचं आहे. मार्केटिंगचे अभ्यासक अँड्र्यू एरेनबर्ग आणि पुढे बायरन शार्प यांनी खरेदीच्या नोंदींवर जे काम केलं, त्यातून उलट चित्र पुढे आलं. लहान ब्रँडला गिऱ्हाईक कमी असतं आणि ते मोठ्या ब्रँडच्या गिऱ्हाइकापेक्षा थोडं कमीच निष्ठावान असतं, जास्त नाही. ब्रँड वाढतो तो मुख्यतः नवी घरं जोडून, आणि त्यातली बरीचशी कधीमधी घेणारी असतात. तेव्हा ‘थोडे पण पक्के’ या आशेवर धंदा बांधू नका. तुमचीच माणसं दुसऱ्या घाण्याचं तेलही घेणार आणि सणाला रिफाइंडही घेणार.

पण पत्रातलं पहिलं कारण, २५०० लिटरचं, ते मला पटतं. जास्त मागणी आली तर द्यायला मालच नाही. करडई फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते आणि वर्षाचा साठा तेव्हाच भरावा लागतो. घाण्यावर लिटरमागे साडेतीन किलोच्या आसपास करडई लागते. म्हणजे पुढच्या जानेवारीत विकायच्या तेलाचे पैसे या मार्चमध्येच अडकले. अशा धंद्यात येणारं गिऱ्हाईक कोण आणि किती, याचा अंदाज असणं फार मोलाचं.

भीमाकाठ
साठ्याचं अगदी खरं. काट्यांमुळे काढणीला मजूर मिळत नाहीत, आमच्याकडचे शेतकरी करडई सोडून हरभऱ्याकडे गेले. उशिरा गेलो तर चांगलं बी मिळत नाही.

फराळवाली
माझं उदाहरण सांगते. ठाण्यात दिवाळीचा फराळ करते. मलाही एकाने असंच सांगितलं होतं, फक्त मराठी घरं धरा, त्यांना भाजणीची चकली समजते. मी तसं केलं. मराठी घरांनी काय केलं? ‘आमच्या आई जास्त खुसखुशीत करतात’ म्हणत भावात घासाघीस. मग समोरच्या इमारतीतल्या एका गुजराती कुटुंबाने सहज अर्धा किलो नेली आणि त्यांच्या नात्यागोत्यातून इतक्या ऑर्डरी आल्या की मला हाताखाली माणसं घ्यावी लागली. त्यांच्या घरात तुलना करायला आईची चकलीच नव्हती! वाणसामान काका म्हणतात तेच बरोबर. ज्याला वस्तू घरात मिळते त्याला विकणं सगळ्यात अवघड.

पाय मोकळे
करडईचं तेल हृदयाला चांगलं ना? डॉक्टरांनी वडिलांना तेल बदलायला सांगितलंय. कुठलं घ्यावं?

आकडेमोड
त्यांना डॉक्टरांनाच विचारू द्या, इथे विषय वेगळा आहे.

फराळवाली ताई, तुमचा अनुभव पटतो, पण चकली पहिल्या घासाला कळते. घाण्याचं तेल तसं नाही. भीमाकाठ, तुमच्याकडे तक्रारी कोणत्या येतात?

भीमाकाठ
ठरलेल्या तीन. तळताना फेस येतो. बाटलीच्या तळाशी गाळ बसलाय. वास येतो, जुनं आहे का. तेल टाकीत चांगलं निवळून मगच भरतो, तरी थोडी गाद खाली बसतेच. फोन बहुतेक नव्या, रिफाइंड वापरणाऱ्या घरांचे असतात. एकीने कढईतल्या फेसाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, भेसळ म्हणून. त्या सोसायटीतली आधीची गिऱ्हाइकंही थांबली.

आकडेमोड
हे पत्रात ठळक यायला हवं होतं, आणि सल्लागाराने ते अर्ध्या वाक्यात उरकलंय. रिफाइंड न केलेल्या तेलात थोडा ओलावा आणि चिकट अंश राहतो, त्याचा फेस येतो. ज्याच्या घरी हेच तेल असतं तो आच कमी करतो आणि पुढे जातो. नवखं घर त्याला भेसळ समजतं. चुकीच्या घरात गेलेली बाटली एक विक्री देते आणि चार विक्र्या घेऊन जाते. गिऱ्हाईक मोजकं धरण्याचं खरं कारण हे आहे, निष्ठा नव्हे.

वाणसामान
मग बाटलीवर छापा की, ‘फेस येईल, घाबरू नका’. दोन ओळींचं काम. त्यासाठी अर्धं पुणं सोडायचं? आणि छापताय तसं वजनही मोठ्या अक्षरात छापा. दुकानात रोज भांडण होतं. एक डबा १५ किलोचा, दुसरा १५ लिटरचा, दिसायला सारखे. १५ लिटरच्या डब्यात तेल १३ किलो ६५० ग्रॅम. गिऱ्हाईक दोन्हीचा भाव शेजारी ठेवतं आणि मलाच चोर म्हणतं.

पहिली पायरी
२०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने सांगितलंय ना, तापमान न छापता मापासोबत वजनही छापा म्हणून? जानेवारी २०२३ ची मुदत होती. तो प्रश्न संपला.

वाणसामान
कागदावर संपला! तेल तापवलं की फुगतं. काहीजण ६० अंशाचं माप धरून लिटर लिहायचे, म्हणजे पिशवीत तेल आणखी कमी. आता वजन छापतात, पण कुठे? मागे, बारीक. गिऱ्हाईक पुढचं ‘१ लिटर’ वाचतं. तुम्ही काउंटरवर उभे राहा एक दिवस, मग सांगा प्रश्न संपला.

फराळवाली
काका, मग दुकानदार तरी किलोचा भाव का लिहून ठेवत नाहीत? आमच्या भागात एकाही दुकानात पाटी नाही. सगळा दोष कंपनीवर ढकलायचा.

वाणसामान
ताई, माझ्या दुकानात पाटी आहे. दुसऱ्याच्या दुकानाचं मला विचारू नका.

भीमाकाठ
भांडू नका हो. पण डब्याच्या बोलण्यावरून मी आमची वही पाहिली. जे ५ लिटरचा कॅन घेतात ते जवळजवळ सगळे मूळचे आमच्याकडचेच निघाले. बाकीची घरं एक लिटरची बाटली घेतात. वाणसामान म्हणतात तसे गावाहून तेल आणणारेही त्यात आहेत, पण त्यांचं तेल पावसाळ्यापर्यंत संपतं. त्यांची पहिली मागणी आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये येते.

आकडेमोड
मग ‘गावाहून डबा येतो’ हे कारण अर्धंच उरलं. आता एवढं करा. प्रत्येक घराची पहिली खरेदी कोणत्या महिन्यातली ते लिहा आणि ४५ दिवसांत दुसरी झाली का ते पाहा. ३० दिवस धरू नका, कारण दोन तेलं वापरणाऱ्या घरात लिटरची बाटली महिन्याच्या पुढे जाते. तुमची जुलैची घरं जुलैपासूनच मोजा, नाहीतर मे महिन्यात ती तुटली असं वाटेल. मूळच्या घरांत आणि इतरांत दुसऱ्या बाटलीचं प्रमाण फार वेगळं निघालं तर सल्लागाराचं ऐका. सारखंच निघालं तर पत्र फाडा.

आणि खर्च कोणावर करायचा आणि माल कोणाला विकायचा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. प्रदर्शनातला स्टॉल, पत्रकं, नमुन्याच्या बाटल्या हे सगळं ओळखीच्या घरांवर खर्च करा. दारात आलेल्या गुजराती किंवा कोकणी माणसाला ‘तुम्ही आमचं गिऱ्हाईक नाही’ म्हणायची गरज नाही. करसनभाई पटेलांनी १९६९ मध्ये अहमदाबादेत सायकलवरून निरमा विकायला घेतला तो सर्फ न परवडणाऱ्या घरांसाठी, पण परवडणाऱ्याने मागितला तर परत पाठवला नसणार.

वाणसामान
हे असं म्हटलं असतं तर मी इतकं लिहिलंच नसतं. पण पत्रात ‘तेवढी धरा’ आहे, ‘तेवढ्यांवर खर्च करा’ नाही. वाचणारा धंदेवाला पहिलाच अर्थ घेतो. माझ्या चुलतभावाने असाच सल्ला ऐकून दुकानातला साधा तांदूळ बंद केला, फक्त बासमती ठेवला. वर्षात शटर खाली.

पहिली पायरी
तो माल कमी केला, गिऱ्हाईक नाही. आत्ताच वर शिकलो.

वाणसामान
बरं, मान्य. पण शटर खाली आलं ते आलंच.

भीमाकाठ
पत्रकावरचं वाक्य काढतोय, हे नक्की. फेस आणि गाद यांची सूचना बाटलीवर पुढच्या बाजूला येईल, वजनही. ४५ दिवसांचा हिशोब बसवायला घेतलाय. पण शेंगदाण्याचं काय? त्याचा वास पुण्यात सगळ्यांच्याच ओळखीचा आहे, तिथे कोणाला धरायचं आणि कोणाला सोडायचं?

आकडेमोड
शेंगदाण्याला हे पत्र मी लावणार नाही. तिथे स्पर्धक जास्त, वेगळेपण कमी, पण नवख्याची भीतीही कमी. दोन तेलांना एकच धोरण लावणं ही सल्लागाराची दुसरी चूक. आधी हे सांगा, यंदा मार्चमध्ये करडई किती भरणार आहात? तो आकडा ठरल्याशिवाय ६२५ घरं की २००, यावर बोलता येणार नाही.